एकाच्या केसालाही धक्का न लावणारे

भिंतीवरच्या घड्याळात तीन वेळा चार-चार तास मोजले की काटा पुन्हा बारावर येतो. बारा म्हणजेच शून्य असं धरलं, तर तीन गुणिले चार बरोबर शून्य. दोन संख्यांचा गुणाकार शून्य आला तर त्यांतली एक तरी शून्य असलीच पाहिजे, हा शाळेत पाठ केलेला नियम घड्याळात चालत नाही. सहाची तर आणखी वेगळी तऱ्हा. सहा सक छत्तीस, आणि छत्तीसमधून बारा-बारा काढत गेलं की हाती काहीच उरत नाही. सहा स्वतः शून्य नाही, पण स्वतःशीच गुणल्यावर शून्य होते.

० ते ११ या बारा संख्या घ्यायच्या, बेरीज-वजाबाकी-गुणाकार नेहमीसारखे करायचे आणि उत्तर १२ ने भागून फक्त बाकी ठेवायची. अशा व्यवस्थेला गणितात रिंग म्हणतात; मराठीत वलय हा शब्द आहे. रिंगमध्ये बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार बिनघोर करता येतात. भागाकाराची मात्र हमी नसते. एखाद्या संख्येने भागायचं तर तिला गुणाकार व्यस्त लागतो, म्हणजे जिच्याशी गुणल्यावर १ येईल अशी जोडीदार संख्या. घड्याळात ५ ला व्यस्त आहे आणि तो ५ च आहे, कारण २५ ची बाकी १. ७ चा व्यस्त ७ (४९ ची बाकी १), ११ चा ११ (१२१ ची बाकी १), आणि १ चा १. बस्स, एवढेच चार. बाकीच्या आठांपैकी कुणालाच व्यस्त नाही. २ ला कशानेही गुणा, उत्तर समच राहतं, १ कधी येत नाही. ज्यांचा १२ शी मसावि १ आहे, त्यांनाच व्यस्त मिळतो.

आता या बारांतून एक खास टोळी वेगळी काढायची आहे. एखादी संख्या x घ्या, तिला रिंगमधल्या वाटेल त्या r ने गुणा आणि तो गुणाकार १ मधून वजा करा. उरलेल्या १ − rx ला प्रत्येक वेळी व्यस्त असेल, r कोणताही असो, तर x या टोळीत. व्यस्त असलेल्यांत १ हा सगळ्यांत भक्कम. x चा कितवाही पट त्याच्यातून काढला तरी त्याची व्यस्त असण्याची पात्रता जात नाही, म्हणजे x त्याच्या केसालाही धक्का लावत नाही. अशा सगळ्या संख्या मिळून त्या रिंगचं जेकबसन रॅडिकल होतं.

सहाची परीक्षा घेऊ. r सम असेल तर ६r ची बाकी ०, म्हणून १ − ६r म्हणजे १. r विषम असेल तर ६r ची बाकी ६, आणि १ − ६ म्हणजे −५, म्हणजेच ७. १ ला व्यस्त आहे, ७ लाही आहे. सहा उत्तीर्ण.

आता दोन. r = १ घेतला तर १ − २ = −१, म्हणजे ११, आणि ११ ला व्यस्त आहे. इथेच थांबून ‘दोनही उत्तीर्ण’ असं लिहिणारे विद्यार्थी वर्गात दरवर्षी भेटतात. पण अट ‘कोणताही r’ अशी आहे. r = २ घेतला की १ − ४ = −३, म्हणजे ९, आणि ९ ला व्यस्त नाही. दोन नापास. हे नापास होणं शेजाऱ्याच्या मदतीने उघड झालं, एकट्या दोनकडे पाहून ते कळलं नसतं. पुढे मॅट्रिक्सपाशी पोचल्यावर हे शेजाऱ्यांचं प्रकरण पुन्हा येणार आहे.

प्रत्येक संख्येला प्रत्येक r ने तपासत बसायची मात्र गरज नाही. १२ चे मूळ अवयव फक्त दोन, २ आणि ३. एखाद्या संख्येचा व्यस्त जातो तो तिला २ ने किंवा ३ ने भाग जातो म्हणून. दुसरं कारणच नाही. समजा x ला २ आणि ३ दोन्हींनी भाग जातो. मग rx लाही जातो, आणि १ − rx ला २ ने भागा की ३ ने, बाकी १ च उरते. व्यस्त सुरक्षित. उलट x ला त्यांपैकी एकाने, समजा ३ ने, भाग जात नसेल, तर x ला अशा r ने गुणता येतं की rx ला ३ ने भागल्यावर बाकी १ उरेल. त्या r साठी १ − rx ला ३ ने नि:शेष भाग जातो आणि व्यस्त गेला. म्हणून रॅडिकलमध्ये यायचं तर २ आणि ३ या दोघांच्याही पटीत असलं पाहिजे, म्हणजे ६ च्या. घड्याळाचं रॅडिकल ० आणि ६, एवढंच.

या युक्तिवादात १२ चं खास असं काहीच नाही. कोणतीही n घ्या, तिचे वेगवेगळे मूळ अवयव प्रत्येकी एकदाच घेऊन गुणा. त्या गुणाकाराच्या पटी म्हणजे n च्या रिंगचं रॅडिकल. संख्या सिद्धांतात या गुणाकारालाही n चं रॅडिकलच म्हणतात आणि rad(n) असं लिहितात. लॅटिनमध्ये राडिक्स म्हणजे झाडाचं मूळ. आपल्याकडे प्राइम नंबरला मूळ संख्या म्हणतात, त्यामुळे मराठीत हे नाव योगायोगाने दुहेरी चपखल बसतं.

एक मोठं उदाहरण करून पाहू. वर्तुळाचे अंश ३६०, म्हणून n = ३६०. अवयव पाडले तर २ तीनदा, ३ दोनदा, ५ एकदा. प्रत्येक एकदाच घेतला की २ × ३ × ५ = ३०. म्हणजे रॅडिकल ०, ३०, ६०, ९० असं करत ३३० पर्यंत, एकूण १२ संख्या. घड्याळाच्या तबकडीवर तासांच्या खुणा नेमक्या याच अंशांवर असतात. यात गूढ काही नाही, पण लक्षात ठेवायला बरं.

३० खरोखरच निरुपद्रवी आहे का, हे व्यस्त काढूनच बघावं. १ − ३० = −२९. त्याचा व्यस्त शोधायला एक जुनी युक्ती आहे: १ + ३० + ३०² अशी बेरीज करायची. ३०² म्हणजे ९००, ३६० ने भागून बाकी १८०. ३०³ म्हणजे २७,०००, आणि ते बरोबर ३६० × ७५ आहे, म्हणजे शून्य. त्यामुळे बेरीज तिसऱ्या पदाशी आपोआप थांबते: १ + ३० + १८० = २११. पडताळा पाहा: २९ × २११ = ६,११९, आणि ६,१२० हा ३६० चा सतरावा पट. म्हणून −२९ × २११ = −६,११९, बाकी १. ही बेरीज मनात ठेवा, मॅट्रिक्समध्ये तीच जशीच्या तशी लागेल.

कुठल्याही मूळ अवयवाची पुनरावृत्ती नसेल, तर rad(n) म्हणजे n च, आणि रॅडिकलमध्ये फक्त शून्य उरतं. n = ३० मध्ये असंच होतं. n = ३२ चं चित्र अगदी उलटं: सोळाच्या सोळा सम संख्या रॅडिकलमध्ये.

कागदावर हे सगळं सोपं वाटतं, कारण ३६० चे अवयव डोळ्यांसमोर पडतात. n शेकडो अंकी असेल तर काय? अमुक एक x रॅडिकलमध्ये आहे का, एवढंच विचारायचं असेल तर अवयव लागतच नाहीत. x मध्ये n चा प्रत्येक मूळ अवयव असेल, तर x चे घात करत गेल्यावर कधीतरी n ने भाग जाणारच. किती घात पुरेत, तेही आधीच सांगता येतं. n च्या अवयवांत कोणतीही मूळ संख्या जितक्या वेळा येते, तो आकडा n च्या द्विमान पद्धतीतल्या अंकांच्या संख्येपेक्षा लहानच असतो. ३६० द्विमान पद्धतीत नऊ अंकी आहे, म्हणून x चा नववा घात शून्य होतो का एवढंच पाहायचं. पायथॉनमध्ये हे दोन ओळींचं काम:

```python
def in_radical(x, n):
    return pow(x, n.bit_length(), n) == 0
```

हे फंक्शन ३०० अंकी संख्येलाही क्षणात उत्तर देतं. पण ‘रॅडिकल काढून दाखवा’, म्हणजे rad(n) ही संख्या द्या, असं म्हटलं की गाडी अडते. त्यासाठी अवयव पाडण्याहून मूलतः सोपी अशी कोणतीही जलद रीत आज माहीत नाही. एवढंच काय, रॅडिकल नुसतं शून्य आहे की नाही, म्हणजे n मध्ये एखादा मूळ अवयव दोनदा आला आहे का, हेसुद्धा मोठ्या n साठी झटपट सांगता येत नाही. आलेला पाहुणा घरचा आहे की नाही हे ओळखता येतं, पण घराचा पत्ता सापडत नाही, अशी ही स्थिती आहे.

इथवर वाचून चोखंदळ वाचक म्हणेल: घात केल्यावर शून्य होणाऱ्या संख्या, एवढीच व्याख्या पुरली असती की! १ − rx चा घोळ कशाला? n च्या रिंगपुरतं ते खरंही आहे. पण ज्यांचे छेद विषम आहेत अशा सगळ्या अपूर्णांकांची रिंग घ्या. तिच्यात १/३ आहे, ४/७ आहे, १/२ नाही. इथे २ ला कोणत्याही r ने गुणलं तरी अंश सम आणि छेद विषम असतो. १ मधून तो वजा केला की अंश विषम होतो, आणि विषम अंशाच्या अपूर्णांकाला या रिंगमध्ये व्यस्त मिळतो. म्हणजे २ रॅडिकलमध्ये आहे. पण २ चे घात ४, ८, १६ असे वाढतच जातात, शून्य कधीच होत नाहीत. घातांवर बेतलेली व्याख्या इथे २ ला दाराबाहेर ठेवते.

नेथन जेकबसन यांनी नेमकी हीच अडचण सोडवली. १९१० मध्ये वॉर्सा इथे जन्मलेले जेकबसन अमेरिकेत वाढले आणि १९३४ मध्ये प्रिन्स्टनमध्ये वेडरबर्न यांच्या हाताखाली पीएच.डी. झाले. वेडरबर्न यांनी १९०७ मध्ये मर्यादित मितीच्या बीजगणितांचा सिद्धांत उभा केला होता, आणि तिथे घात करून शून्य होणाऱ्या गोष्टींवर काम भागत होतं. मोकाट, अमर्याद रिंगमध्ये ते भागत नाही. १९४५ मध्ये जेकबसन यांनी कोणत्याही रिंगला लागू पडेल अशी रॅडिकलची व्याख्या मांडली. गुरूच्या हद्दीत ती जुनंच उत्तर देते, हद्दीबाहेरही टिकते.

आता मॅट्रिक्सकडे. संख्यांच्या चौकोनी मांडणीत डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात जाणारी रेघ म्हणजे मुख्य कर्ण. कर्णाखालच्या सगळ्या जागी शून्यच असेल, तर ती वरची त्रिकोणी मॅट्रिक्स. अशा दोन मॅट्रिक्सांचा गुणाकारही वरचा त्रिकोणीच येतो, म्हणून त्यांचीही एक रिंग होते. प्रथम जागांवर साधे अपूर्णांक, म्हणजे परिमेय संख्या आहेत असं धरू.

तीन बाय तीनचं चित्र मनात आणायला घाटाच्या तीन पायऱ्या घ्या. पहिली सगळ्यांत खाली, तिसरी सगळ्यांत वर. दुसऱ्या ओळीतली तिसरी संख्या सांगते की तिसऱ्या पायरीवरच्या एका भांड्यामागे दुसऱ्या पायरीवर किती पाणी उतरतं. कर्णावरच्या संख्या सांगतात की त्याच पायरीवर किती राहतं. कर्णाखाली शून्य, म्हणजे पाणी वर चढत नाही.

कर्णावर सगळीकडे शून्य असलेली एक मॅट्रिक्स N घेऊ:

```
    ० २ ५
N = ० ० ३
    ० ० ०
```

इथे कुठल्याच पायरीवर पाणी टिकत नाही. एका फेरीत ते निदान एक पायरी उतरतंच. दोन फेऱ्यांनंतर फक्त एकच वाट उरते: तिसरीवरून दुसरीवर (३), दुसरीवरून पहिलीवर (२), म्हणजे ३ × २ = ६. म्हणून N² मध्ये फक्त उजव्या वरच्या कोपऱ्यात ६, बाकी सगळं शून्य. तिसऱ्या फेरीला उतरायला पायरीच नाही, म्हणून N³ = ०. मघाच्या ३० सारखंच.

मग १ − N चा व्यस्तही त्याच बेरजेने निघतो, १ + N + N². इथे १ म्हणजे कर्णावर एक आणि इतरत्र शून्य असलेली एकक मॅट्रिक्स:

```
१ २ ११
० १ ३
० ० १
```

कोपऱ्यातले ११ म्हणजे थेट उतरलेले ५ आणि दुसऱ्या पायरीवर थांबून उतरलेले ६.

कर्ण शून्य असलेल्या मॅट्रिक्सला रिंगमधल्या कोणत्याही मॅट्रिक्सने गुणा, कर्ण शून्यच राहतो, कारण वरच्या त्रिकोणी मॅट्रिक्सांच्या गुणाकारात कर्णावरच्या संख्या फक्त आपापल्या जोडीदाराशी गुणल्या जातात. म्हणून १ − rx च्या कर्णावर १, १, १ च राहतात आणि व्यस्त मिळतो. उलट x च्या कर्णावर एके जागी शून्येतर संख्या, समजा ४, असेल, तर r म्हणून त्याच जागी १/४ आणि बाकी सगळीकडे शून्य असलेली मॅट्रिक्स घ्या. १ − rx च्या कर्णावर त्या जागी शून्य येतं आणि व्यस्त गेला. म्हणजे रॅडिकल कोणतं, तर ज्यांचा कर्ण पूर्ण शून्य आहे अशा सगळ्या मॅट्रिक्स.

रॅडिकलमधल्या मॅट्रिक्स शून्यासमान मानल्या, तर प्रत्येक मॅट्रिक्समधून फक्त कर्ण उरतो. मॅट्रिक्सांचा गुणाकार क्रमावर अवलंबून असतो, AB आणि BA वेगळे येतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण वरच्या त्रिकोणी मॅट्रिक्सांमध्ये AB − BA चा कर्ण नेहमी शून्य असतो. क्रमाचं सगळं भांडण रॅडिकलच्या आत मिटतं.

आता शेजाऱ्यांचं प्रकरण. दोन बाय दोनमध्ये उजव्या वरच्या कोपऱ्यात १ आणि इतरत्र शून्य असलेली मॅट्रिक्स E घ्या. वरच्या त्रिकोणी रिंगमध्ये ती रॅडिकलची सदस्य आहे. हीच E दोन बाय दोनच्या सगळ्या मॅट्रिक्सांच्या रिंगमध्ये नेऊन ठेवली, तर? E² अजूनही शून्यच आहे, तिच्यात काहीच बदललेलं नाही. पण आता रिंगमध्ये F नावाची नवी शेजारीण आहे, डाव्या खालच्या कोपऱ्यात १ असलेली, पाणी वर चढवणारी. F × E केलं की खालच्या उजव्या कोपऱ्यात १ येतो, आणि १ − FE चा कर्ण १, ० असा होतो. व्यस्त गेला, E बाद. परिमेय संख्यांच्या पूर्ण मॅट्रिक्स रिंगचं रॅडिकल खरं तर शून्यच आहे. वर्ग शून्य येतो म्हणून E ला तिथेही रॅडिकलमध्ये घालणं ही एम.एस्सी.च्या उत्तरपत्रिकांतली नेहमीची चूक. क्रम न मानणाऱ्या गुणाकारात घात करून शून्य होणं ही हमी असते. क्रम मानणाऱ्या गुणाकारात ती हमी राहत नाही.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची. ‘वरची त्रिकोणी म्हटलं की रॅडिकल म्हणजे शून्य कर्ण’ हे घोकून ठेवलेलं असतं. जागांवर परिमेय संख्या होत्या म्हणून ते खरं होतं; त्यांच्यात शून्य सोडून प्रत्येकीला व्यस्त असतो आणि ४ ला १/४ सापडतो. आता दोन बाय दोन वरच्या त्रिकोणी मॅट्रिक्स घ्या, पण जागांवर आपल्या घड्याळातल्या संख्या, ० ते ११. कर्णावर ६ आणि ६, कोपऱ्यात शून्य, अशी मॅट्रिक्स घेतली तर १ − rx च्या कर्णावर १ किंवा ७ यांखेरीज काही येऊच शकत नाही, आणि दोघांनाही व्यस्त आहे. कर्ण शून्य नसूनही ती रॅडिकलमध्ये बसते. खरा नियम असा: कर्णावरची प्रत्येक संख्या ती ज्या रिंगमधून आली तिच्या रॅडिकलमधली हवी, कर्णाच्या वर काहीही चालेल.

मोजून बघू. कर्णाच्या दोन जागांवर प्रत्येकी ० किंवा ६, कोपऱ्यात बारांपैकी कोणतीही: २ × २ × १२ = ४८. कर्ण शून्यच हवा असं धरून बसलो असतो, तर फक्त १२ मिळाल्या असत्या. एकूण मॅट्रिक्स १२ × १२ × १२ = १,७२८. आता १,७२८ ला ४८ ने भागा: ३६. रॅडिकल शून्य मानल्यावर उरणाऱ्या रिंगमध्ये ३६ घटक असतात, कर्णावर सहा-सहा तासांची दोन घड्याळं. ६ चे मूळ अवयव २ आणि ३, दोन्ही एकेकदाच आलेले, म्हणून त्या दोन घड्याळांत रॅडिकल म्हणून शून्याशिवाय काही उरलेलं नाही. १,७२८ ला १२ ने भागलं असतं तर १४४ आले असते, म्हणजे बारा-बारा तासांची दोन घड्याळं, आणि त्या दोन्हींत एकेक सहा अजून तशीच बसलेली असती.